साखरपुड्याच्या शुभेच्छा मराठीत लिहिताना: कोणी, कोणाला, कोणत्या शब्दांत

घरच्या ग्रुपवर साखरपुड्याचे फोटो येतात आणि मराठीत चार ओळी लिहायची वेळ येते. बोलायला मराठी येते, पण शाळा इंग्रजीतून झालेली असते, किंवा घर इंदूर, बडोदा, बंगळूर, न्यू जर्सी असं कुठेतरी असतं आणि मराठी लिहिण्याचा प्रसंग वर्षातून एखादाच. मग कुठूनतरी तयार मजकूर उचलला जातो. त्या मजकुरात व्याकरणाची चूक असतेच असं नाही. तो आजीच्या तोंडी शोभणारा असतो आणि पाठवणारा असतो मुलीचा धाकटा मावसभाऊ, अडचण तिथे होते. मराठीत शुभेच्छेच्या एका वाक्यातून बोलणाऱ्याचं नातं, वय आणि तो कुठल्या बाजूचा हे सगळं कळतं. म्हणून आधी आपली जागा ठरवायची, शब्द त्यानंतर.

हा लेख मराठी घरातल्या साखरपुड्यापुरता आहे. सोयीसाठी मुलीला मुक्ता आणि मुलाला सारंग म्हणू.

## 1. लिहायला बसण्याआधी हे हाताशी ठेवा

- दोघांची नावं देवनागरीत कशी लिहितात ते. पत्रिका किंवा निमंत्रणाचा मेसेज उघडून बघा, अंदाजाने लिहू नका.
- तुमचं दोघांपैकी कोणाशी नातं आहे आणि त्या नात्याने तुम्ही थोरले की धाकटे.
- समारंभ नक्की कोणता आहे. साखरपुडा, वाङ्निश्चय, की नुसती बोलणी?
- मजकूर कोण कोण वाचणार. फक्त ती दोघं, की व्याह्यांसकट सगळा ग्रुप?
- घरी देवाधर्माची भाषा कोणती चालते.
- फोनमध्ये मराठीचा कीबोर्ड. हिंदीच्या कीबोर्डवर 'ऱ' सहज सापडत नाही आणि मग 'होणाऱ्या'चं 'होणार्या' होतं.

## 2. आशीर्वाद, शुभेच्छा की अभिनंदन?

आशीर्वाद थोरल्याकडून धाकट्याकडे जातो. शुभेच्छा त्या दोघांना कोणीही देऊ शकतं. अभिनंदनही कोणीही करावं, पण ते घडलेल्या गोष्टीबद्दल असतं. धाकट्या भावाने ताईला 'तुम्हां दोघांना अनेक आशीर्वाद' असं लिहिलं, तर कोणी रागावणार नाही, पण वाचणाऱ्यांच्या चेहऱ्यावर हसू येईल आणि पुढची दहा वर्षं त्याला त्यावरून चिडवतील.

थोरलेपण वयाने ठरतं तसं नात्यानेही ठरतं. मोठ्या कुटुंबात मामा भाच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असू शकतो. नात्याने त्याला आशीर्वादाचा अधिकार आहे, तरी अशा वेळी 'मनापासून शुभेच्छा' लिहिणं जास्त मोकळं वाटतं. आशीर्वाद की शुभेच्छा अशी शंका आली की त्या दोघांना शुभेच्छाच लिहा, त्या चुकत नाहीत.

जुन्या पत्रांचे मायने इथे चांगली कसोटी आहेत. या माणसाला पत्र लिहिताना सुरुवात 'अनेक उत्तम आशीर्वाद' अशी केली असती, तर आज आशीर्वाद द्या. 'सप्रेम नमस्कार' लिहिलं असतं तर शुभेच्छा द्या. आणि 'साष्टांग नमस्कार' लिहावा लागला असता, म्हणजे समोर मुलीचे आजोबा किंवा होणारे सासरे आहेत, तर त्यांना आशीर्वादही नाही आणि शुभेच्छाही नाहीत. त्यांना नमस्कार करून आनंद कळवायचा.

हे तीन शब्द वाक्यात वेगवेगळे बसतात आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. अभिनंदन कोणा*चं* करतात, शुभेच्छा कोणा*ला* देतात. म्हणून 'तुम्हां दोघांचं अभिनंदन' आणि 'तुम्हां दोघांना शुभेच्छा'. 'तुम्हां दोघांना अभिनंदन' हे इंग्रजीत विचार करून मराठीत लिहिलेलं वाक्य आहे. तसंच, अभिनंदन झालेल्या गोष्टी*बद्दल* आणि शुभेच्छा पुढच्या गोष्टी*साठी*: 'साखरपुड्याबद्दल अभिनंदन आणि पुढच्या आयुष्यासाठी खूप खूप शुभेच्छा.' एका वाक्यात दोन्ही नीट बसतात.

'मी तुम्हाला शुभेच्छा इच्छितो' असंही वाचायला मिळतं. शुभेच्छेत इच्छा आधीच आहे, ती पुन्हा इच्छायची नसते. शुभेच्छा द्यायच्या, किंवा नुसतं 'मनःपूर्वक शुभेच्छा!' लिहून थांबायचं. 'शुभकामना' हा शब्द मराठी कानाला हिंदीकडचा वाटतो.

सापळा: 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' पत्रिकेवर 'चि. सौ. कां. मुक्ता' आणि 'चि. सारंग' असं छापलेलं असतं. म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी आणि चिरंजीव. ही थोरल्यांनी धाकट्यांच्या नावाआधी लावायची अक्षरं आहेत आणि पत्रिका घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नावाने निघते म्हणून ती तिथे असतात. मैत्रिणीने ती जशीच्या तशी उतरवून 'चि. सौ. कां. मुक्ता हिस शुभेच्छा' असं लिहिलं की ती एकदम तिची आजी होते. बरोबरीच्यांनी आणि धाकट्यांनी नुसतं नाव लिहावं.

## 3. तू, तुम्ही की आपण

मुक्ताला तुम्ही 'तू' म्हणत असाल तर लिहितानाही 'तू'च म्हणा. मेसेज लिहितोय म्हणून अचानक 'आपणांस' सुरू केलं तर तिला वाटेल काहीतरी बिनसलंय. सारंगची ओळख नसते, त्यामुळे अडखळायला होतं ते त्याच्यापाशी. यातून मराठीने एक सोपी वाट ठेवली आहे: दोघांना एकत्र लिहा. 'तुम्ही दोघं' हे अनेकवचन आहे, त्यामुळे त्यात एकेरी की आदरार्थी हा प्रश्नच उरत नाही. 'ताई, तुझी बातमी ऐकून इतका आनंद झाला! तुम्ही दोघं कायम असेच हसत राहा.' पहिल्या वाक्यात 'तुझी', दुसऱ्यात 'तुम्ही दोघं'. यात काही विसंगती नाही.

'आपण' राखून ठेवायचा तो व्याह्यांसाठी, कार्यालयातल्या वरिष्ठांसाठी आणि छापील मजकुरासाठी. पण एकदा 'आपण' धरलं की शेवटपर्यंत तेच ठेवा. 'आपल्या घराशी सोयरीक जुळली, तुम्हाला भेटून आनंद झाला' अशी सरमिसळ घाईत लिहिल्याची खूण असते.

होणाऱ्या जावयाला सासरची मंडळी पुष्कळ घरांत अजूनही 'अहो सारंगराव' म्हणतात, काही घरांत पहिल्या दिवसापासून 'सारंग, ये रे'. दोन्ही ठीक, मुलीच्या आईवडिलांचं ऐकून तसं करा. मात्र 'सारंगजी' टाळा. नावामागे 'जी' लावणं ही हिंदीची पद्धत आहे, मराठीत आदर 'राव', 'ताई', 'दादा', 'काका' अशा शब्दांनी येतो. बहिणीच्या नवऱ्याला काही घरांत 'दाजी' म्हणतात, काही घरांत 'भावोजी'. हा शब्द घरोघर बदलतो, म्हणून आधीच्या जावयांना काय हाक मारतात ते विचारून घ्या.

## 4. होवो, होवोत, व्हा

मराठी शुभेच्छेचा सगळा भार क्रियापदाच्या एका रूपावर असतो. तुम्ही काहीतरी घडावं अशी इच्छा करता, म्हणून होवो, राहो, लाभो, मिळो, देवो. या रूपाला लिंग नाही, पण त्याच्या आधीच्या शब्दांना आहे:

- तुमचा संसार सुखाचा होवो.
- तुमची साथ अशीच राहो.
- तुमचं सहजीवन आनंदाचं होवो.

वचन मात्र या रूपाला आहे, आणि हे फार जण विसरतात. इच्छा एक असेल तर 'पूर्ण होवो', अनेक असतील तर 'पूर्ण होवोत'. 'तुमची सगळी स्वप्नं पूर्ण होवो' हे वाक्य सगळीकडे फिरतं, ते 'होवोत' असंच हवं. तसंच 'सुखाचे दिवस येवोत'.

थेट त्या दोघांना उद्देशून बोलायचं तर आज्ञार्थ वापरतात: एकट्या मुलीला 'सुखी हो', दोघांना 'सुखी व्हा', 'आनंदात राहा'. 'रहा' नाही, 'राहा'. वाकून नमस्कार करणाऱ्यांना द्यायचे आशीर्वाद याच घडणीचे असतात: 'सुखी राहा', 'औक्षवंत व्हा'. तुम्ही तिशीतले आणि ती दोघं पंचविशीतली, तरी ती पाया पडायला वाकली तर गोंधळू नका. 'असू दे, असू दे' म्हणत खांद्याला धरून उठवा आणि 'सुखी राहा' म्हणा. संस्कृतात म्हणायचं असेल तर 'आयुष्मान भव' म्हणा, 'आयुष्यमान' नव्हे. पण ते एकाला उद्देशून आहे, जोडप्याला 'शुभं भवतु' किंवा 'कल्याणमस्तु' बरं.

शेवटी 'हीच सदिच्छा' लिहायचं असेल तर तेवढं जुळवून घ्या. सदिच्छा आणि प्रार्थना स्त्रीलिंगी म्हणून 'हीच', आशीर्वाद पुल्लिंगी म्हणून 'हाच', मागणं नपुंसकलिंगी म्हणून 'हेच'. 'ईश्वरचरणी' हा एक शब्द आहे, मध्ये जागा सोडू नका.

आणखी एक गोष्ट, जी व्याकरणाच्या पुस्तकात मिळत नाही. शुभप्रसंगी मराठीत अशुभाचं नाव घेत नाहीत, नकारानेसुद्धा. 'तुमच्या आयुष्यात कधी दुःख न येवो' यात दुःख येऊन बसलंच. 'तुमच्या घरात सदैव आनंद नांदो' म्हणा. अपवाद एकच, 'कुणाची दृष्ट न लागो'. आजी, मावशी, आत्या ते बोटं मोडत म्हणतात आणि त्यात कौतुकच असतं.

'तुमचं' लिहायचं की 'तुमचे'? मेसेज बोलीतला असेल तर 'तुमचं सहजीवन सुखाचं होवो', कार्ड किंवा छापील मजकूर असेल तर 'तुमचे सहजीवन सुखाचे होवो'. दोन्ही शुद्ध. 'तुमचं सहजीवन सुखाचे होवो' हे मात्र अर्धं घरातलं आणि अर्धं सभागृहातलं.

## 5. साखरपुडा आहे, लग्न नाही

उचललेले मजकूर बहुतेक लग्नाचे असतात. त्यामुळे साखरपुड्याच्या दिवशी मुलीला 'सौ. मुक्ता' लिहिलं जातं, किंवा 'नवदांपत्यास शुभाशीर्वाद' दिले जातात. अजून ती दोघं नियोजित वधू-वर आहेत. 'भावी सहजीवनासाठी' हा शब्दप्रयोग या टप्प्यावर अगदी चपखल बसतो.

'नांदा सौख्यभरे' आज साखरपुड्यालाही सर्रास लिहितात. पण नांदणं म्हणजे लग्न होऊन संसारात राहणं. ते अक्षता पडल्यावरच जास्त शोभतं, तेव्हासाठी राखून ठेवा. 'अखंड सौभाग्यवती भव' हा विवाहित स्त्रीला दिला जाणारा आशीर्वाद आहे आणि त्यात मुलीसाठी मागितलं जातं ते नवऱ्याचं आयुष्य. त्यापेक्षा दोघांनाही 'दीर्घायुषी व्हा' म्हणणं मला अधिक योग्य वाटतं. ग्रुपवर वाचणाऱ्या आजी-काकूंपैकी कुणाला ते टोचतही नाही. मुलाबाळांच्या शुभेच्छा या टप्प्यावर कोणीही देऊ नयेत.

समारंभाचं नाव तपासून लिहा. पुष्कळ घरांत साखरपुडा लग्नाच्या काही महिने आधी होतो आणि वाङ्निश्चय लग्नाच्या आदल्या दिवशी, सीमांतपूजनाच्या जोडीने. काही घरांत दोन्ही शब्द एकाच समारंभाला लावतात. 'वाङ्निश्चय'मधला 'ङ्' टाइप करता येत नसेल तर 'साखरपुडा' लिहा, 'वांगनिश्चय' लिहू नका.

आणि नुसती बोलणी होऊन सुपारी फुटली असेल, तर ग्रुपवर काहीच लिहू नका. घरच्यांनी जाहीर करेपर्यंत आईवडिलांना फोन करून आनंद कळवणं एवढंच आपलं काम.

## 6. घराची श्रद्धा आणि दुसऱ्या बाजूची भाषा

'गणरायाच्या कृपेने' किंवा 'लक्ष्मीनारायणाचा जोडा' हे हिंदू घरांत गोड वाटतं. बौद्ध घरात ते लिहू नये. तिथे सुरुवातीला 'जय भीम' किंवा 'नमो बुद्धाय' आणि पुढे 'मंगलकामना', 'आपले सहजीवन मंगलमय होवो' अशी भाषा असते. लग्नालाही 'मंगल परिणय' म्हणतात. ख्रिस्ती घरात 'प्रभू तुम्हां दोघांना आशीर्वादित करो' चालतं. माहीत नसेल तर देवाचं नाव न घेता लिहा; सुख, आरोग्य आणि समाधान सगळ्या घरांत चालतं.

सारंगच्या घरची भाषा वेगळी असेल, तर दोन्ही भाषांची खिचडी करू नका. मराठीत पूर्ण लिहा आणि शेवटी त्यांच्या भाषेत एकच ओळ द्या. कन्नड घर असेल तर 'निश्चितार्थद हार्दिक शुभाशयगळु', गुजराती असेल तर 'सगाईनी हार्दिक शुभेच्छा'. लांब वाक्य स्वतः रचू नका, कारण आदराची रूपं प्रत्येक भाषेत वेगळी असतात. लिहायचंच असेल तर त्या घरातल्या कोणाकडून तरी वाचून घ्या.

## 7. एकच साखरपुडा, चार हात

मुक्ताचा साखरपुडा झाला. ग्रुपवर दोन्हीकडची माणसं आहेत.

आजी (थोरली, बोलीत):

> मुक्ता, सारंग, तुम्हां दोघांना अनेक उत्तम आशीर्वाद. जोडा कसा लक्ष्मीनारायणासारखा शोभतो आहे. एकमेकांना जपा, आनंदात राहा, दीर्घायुषी व्हा. — आजी

धाकटा मावसभाऊ:

> ताई, तुझं आणि सारंगदादाचं खूप खूप अभिनंदन! फोटोत तू इतकी खुश दिसतेयस की आम्हालाच भरून आलं. तुम्हां दोघांची सगळी स्वप्नं पूर्ण होवोत. आता लग्नाची तयारी माझ्याकडे!

इथे आशीर्वाद कुठेही नाही, 'होवोत' अनेकवचनात आहे आणि दाजी की भावोजी हे ठरेपर्यंत 'दादा'ने वेळ निभावली आहे.

कार्यालयातली सहकारी (कार्डावर, सगळ्यांच्या वतीने):

> प्रिय मुक्ता, साखरपुड्याबद्दल तुझे आणि सारंग यांचे मनःपूर्वक अभिनंदन. तुमचे भावी सहजीवन सुखाचे आणि समाधानाचे होवो, हीच आम्हां सर्वांची सदिच्छा.

सारंगला कोणी भेटलेलं नाही, म्हणून 'सारंग यांचे'. हा 'यांचे' अनोळखी माणसाला पुरेसा आदर देतो आणि 'जी'ची गरज राहत नाही. कार्ड आहे म्हणून 'तुझे', 'तुमचे', 'सुखाचे' सगळं एकाच वळणाचं आहे.

मुलीचा मामा, सारंगच्या आईवडिलांना (वेगळा मेसेज):

> सप्रेम नमस्कार. कालचा समारंभ फार छान झाला. आपल्या घराशी सोयरीक जुळली याचा आम्हां सर्वांना मनापासून आनंद आहे. आपण सर्वांनी ज्या आपुलकीने मुक्ताला जवळ केलंत, ते पाहून समाधान वाटलं. लवकरच भेटू.

व्याह्यांना शुभेच्छा देत नाहीत, त्यांच्यापाशी आनंद आणि आपुलकी व्यक्त करतात. शेवटची ओळ 'लवकरच भेटू' एवढीच ठेवली आहे, कारण लग्नाची तारीख जाहीर झालेली नसताना तिचा उल्लेख मामाने करायचा नसतो.

## 8. पाठवण्यापूर्वी

लांबी बेताची ठेवा. ग्रुपवर तीन-चार वाक्यं, कार्डावर तीस-चाळीस शब्द, समारंभात माईक हातात आला तर एक मिनिट. साडी, ओटी, अंगठ्या आणि साखरेचा पुडा होऊन लोक जेवणाची वाट बघत असतात.

मग मजकूर मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे बहुधा लिंग-वचन चुकलेलं असतं किंवा 'तुम्ही' आणि 'आपण' एकमेकांत मिसळलेले असतात. आवाजाने टाइप केलं असेल तर हे शब्द डोळ्यांखालून घाला: आशीर्वाद ('आर्शिवाद' नव्हे), चिरंजीव, शुभेच्छा, हार्दिक, मनःपूर्वक, होणाऱ्या. कार्ड छापायला देणार असाल तर मराठी फॉन्ट मागा. हिंदी वळणाच्या फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' वेगळे दिसतात, आणि आजोबांच्या नजरेतून ते सुटत नाही.

आहेराच्या पाकिटावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत नाव लिहिलं की उघडताना कोणाचं ते कळत नाही. पुढेच, मधोमध लिहा: 'मुक्ता व सारंग यांस, सप्रेम भेट' आणि खाली तुमचं पूर्ण नाव, गाव. आशीर्वाद देण्याएवढे थोरले असाल तर 'सप्रेम भेट'च्या जागी 'शुभाशीर्वाद'. रक्कम 101, 251 किंवा 501 अशी, वर एक रुपया धरून.